बाणावरचे सोडियम एथॉक्साइड खाली उतरवा

कार्बनी रसायनशास्त्राच्या पुस्तकांत एक समीकरण बहुधा पुढीलप्रमाणे छापलेले असते. ते आधी नीट पाहून घ्या.

2 CH3COOC2H5 → CH3COCH2COOC2H5 + C2H5OH

डावीकडे एथिल ॲसिटेटचे दोन रेणू आहेत. उजवीकडे एथिल ॲसिटोॲसिटेट नावाच्या नव्या पदार्थाचा एक रेणू आणि एथिल अल्कोहोलचा एक रेणू आहे. बाणाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘सोडियम एथॉक्साइड’ असे लिहिलेले असते. या विक्रियेला क्लायझेन संघनन म्हणतात. समीकरण तोलून पाहिले तर त्यात काहीच चूक सापडत नाही. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन हे सारे अणू दोन्ही बाजूंस सारखे भरतात.

तरीही माझे म्हणणे असे आहे की हे समीकरण विद्यार्थ्याची दिशाभूल करते. बाणावर लिहिलेला पदार्थ उत्प्रेरक असतो, तो चिमूटभर पुरतो आणि शेवटी जसाच्या तसा परत मिळतो, असे आपण शाळेपासून शिकत आलो आहोत. सोडियम एथॉक्साइड या विक्रियेत तसे वागत नाही. ते पूर्ण प्रमाणात लागते आणि खर्चही होते. ते कुठे खर्च होते हे ज्याला कळले, त्याला ही विक्रिया कोणत्या एस्टरवर चालेल आणि कोणत्या एस्टरवर अडेल हे कागदावरच सांगता येते. ज्याला ते कळले नाही, त्याला प्रत्येक उदाहरण वेगळे पाठ करावे लागते. म्हणून हे नाव बाणावरून उतरवून समीकरणात बसवावे, अशी माझी सूचना आहे. तिची कारणे आता क्रमाने पाहू या.

प्रथम प्रयोगपात्रात काय घडते ते पाहू. एस्टरमध्ये एक कार्बन असा असतो की त्याला एक ऑक्सिजन दुहेरी बंधाने आणि दुसरा एकेरी बंधाने जोडलेला असतो. या कार्बनाला आपण कार्बोनिल कार्बन म्हणू. त्याच्या लगतचा जो कार्बन, त्याला रसायनशास्त्रज्ञ अल्फा कार्बन म्हणतात. एथिल ॲसिटेटमध्ये CH3 मधला कार्बन हा अल्फा कार्बन आहे आणि त्याच्यावर तीन हायड्रोजन आहेत. एरवी कार्बनाला चिकटलेला हायड्रोजन फार घट्ट बसलेला असतो. पण शेजारी कार्बोनिल गट असला की तो थोडा सैल होतो. हा हायड्रोजन प्रोटॉनाच्या रूपाने निघून गेला तर मागे राहिलेला ऋण विद्युत्‌भार एकट्या कार्बनाला सोसावा लागत नाही. शेजारचा ऑक्सिजनही तो वाटून घेतो. असा प्रोटॉन गमावलेल्या एस्टरला एनोलेट म्हणतात.

पहिली पायरी हीच. सोडियम एथॉक्साइड हे एक प्रबळ क्षारक आहे, म्हणजे प्रोटॉन ओढून घेणारा पदार्थ आहे. ते एका एस्टर रेणूच्या अल्फा कार्बनावरचा प्रोटॉन ओढते आणि स्वतः एथिल अल्कोहोल होते. दुसऱ्या पायरीत या एनोलेटाचा ऋणभारित कार्बन दुसऱ्या एस्टर रेणूच्या कार्बोनिल कार्बनावर जाऊन बसतो आणि दोन कार्बनांमध्ये नवा बंध तयार होतो. तिसऱ्या पायरीत त्या दुसऱ्या रेणूतला एथॉक्साइड गट सुटून बाहेर पडतो. आता हाती आले एथिल ॲसिटोॲसिटेट. यात एस्टरचा गट आहे आणि त्याच्यापासून एक कार्बन सोडून पलीकडे कीटोनचा गट आहे. एस्टरच्या लगतचा कार्बन अल्फा, त्याच्या पलीकडचा बीटा, आणि कीटोन त्या बीटा जागेवर आहे. म्हणून अशा पदार्थांना बीटा-कीटो एस्टर म्हणतात.

पुष्कळ ठिकाणी गोष्ट इथेच संपवली जाते. एक एथॉक्साइड आत गेले, एक एथॉक्साइड बाहेर पडले, म्हणजे ते उत्प्रेरकच झाले, असे वाटणे साहजिक आहे. पण या तीनही पायऱ्या उलटसुलट चालणाऱ्या आहेत. शिवाय त्यांचा कल पुढे जाण्याकडे नसून मागे येण्याकडे आहे.

हा कल मोजण्याचे एक साधन आहे. हायड्रोजन किती सहज सुटतो हे दाखवणारा एक आकडा असतो, त्याला पीकेए म्हणतात. आकडा जितका लहान तितका हायड्रोजन सहज सुटतो, आणि आकड्यात एकाचा फरक म्हणजे सुटण्यात दहापट फरक. एथिल ॲसिटेटच्या अल्फा हायड्रोजनाचा हा आकडा सुमारे २५ आहे. एथिल अल्कोहोलच्या OH मधल्या हायड्रोजनाचा सुमारे १६ आहे. म्हणजे एस्टरपेक्षा अल्कोहोलच आपला हायड्रोजन अधिक सहज सोडते, आणि तेही नऊ आकड्यांच्या फरकाने. एथॉक्साइडाने एस्टरचा प्रोटॉन ओढला तरी जवळचे अल्कोहोल तो लगेच परत देते. एस्टर आणि अल्कोहोल सारख्या प्रमाणात असतील तर समतोलात एका एनोलेटामागे सुमारे शंभर कोटी एथॉक्साइड आयन उरलेले असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायऱ्यांनी ही तूट भरून निघत नाही. दोन एस्टरांपासून एक कीटो एस्टर आणि एक अल्कोहोल हा व्यवहारच किंचित तोट्याचा आहे. कारण एस्टरमध्ये दुसऱ्या ऑक्सिजनामुळे कार्बोनिल गटाला मिळणारे स्थैर्य कीटोनमध्ये उरत नाही. तेव्हा पहिल्या तीन पायऱ्यांवर सोडून दिले तर पात्रात नव्या पदार्थाचा केवळ मागमूस दिसेल.

मग प्रत्यक्षात भरपूर एथिल ॲसिटोॲसिटेट मिळते ते कसे? याचे उत्तर चौथ्या पायरीत आहे, आणि नेमकी तीच समीकरणातून गळालेली असते. नव्या पदार्थातल्या मधल्या CH2 गटाकडे पाहा. त्याच्या एका बाजूला कीटोनचे कार्बोनिल आहे आणि दुसऱ्या बाजूला एस्टरचे. इथला प्रोटॉन निघाला तर ऋणभार दोन ऑक्सिजनांत वाटला जातो. म्हणून इथला हायड्रोजन फारच सैल आहे. त्याचा पीकेए सुमारे ११ आहे. अल्कोहोलच्या १६ पेक्षा हा पाचने कमी, म्हणजे एथॉक्साइडाने हा प्रोटॉन ओढणे हा लाखपट फायद्याचा व्यवहार झाला. नवा पदार्थ तयार होताच पात्रातले एथॉक्साइड त्याचा प्रोटॉन काढून घेते आणि त्याचे सोडियम लवण बनवते. लवण झालेला रेणू मागे फिरू शकत नाही, कारण परत जाण्यासाठी त्याच्या कीटोनवर एथॉक्साइडाने हल्ला करायला हवा, आणि ऋणभारित रेणूजवळ ऋणभारित आयन सहजी जात नाही. आधीच्या तीन पायऱ्यांतून जे थोडे निघते ते चौथी पायरी सतत उचलून नेते. म्हणून मागच्या पायऱ्यांनाही सतत पुढे सरकावे लागते.

आता खरे समीकरण असे लिहिता येईल:

2 CH3COOC2H5 + C2H5ONa → [CH3COCHCOOC2H5]⁻ Na⁺ + 2 C2H5OH

अम्ल घातल्यावर:

[CH3COCHCOOC2H5]⁻ Na⁺ + CH3COOH → CH3COCH2COOC2H5 + CH3COONa

दोन ओळी लिहिल्या की सोडियम एथॉक्साइड डावीकडे विक्रियाकारक म्हणून उभे राहते, आणि प्रयोगाच्या शेवटी ॲसिटिक अम्ल का घालतात याचाही उलगडा होतो. ते कीटो एस्टर तयार करण्यासाठी घालत नाहीत. तो आधीच लवणाच्या रूपात तयार असतो. त्याला त्याचा प्रोटॉन परत द्यायचा असतो, एवढेच.

आकड्यांनी ताळा करू. एथिल ॲसिटेटचे दोन मोल म्हणजे १७६ ग्रॅम. त्यापासून सगळे साधले तर १ मोल म्हणजे १३० ग्रॅम एथिल ॲसिटोॲसिटेट आणि ४६ ग्रॅम एथिल अल्कोहोल मिळायला हवे. त्यासाठी निदान १ मोल, म्हणजे ६८ ग्रॅम सोडियम एथॉक्साइड घ्यावे लागेल. समजा, बाणावर लिहिलेले आहे म्हणून कुणी ते उत्प्रेरक मानले आणि त्याचा फक्त दहावा भाग, म्हणजे ६.८ ग्रॅम घातला. तर लवण दशांश मोलच बनू शकेल. त्याहून फारसे पुढे विक्रिया जाणार नाही, आणि हाती येईल सुमारे १३ ग्रॅम. बाकीचा एस्टर कितीही वेळ तापवला तरी तसाच राहील. समीकरणातली एक गाळलेली पायरी तराजूत अशी शंभराहून अधिक ग्रॅमांनी दिसते.

हे सारे पटण्यासाठी एक साक्षीदार हवा. अशी विक्रिया शोधायला हवी की जिच्यात पहिल्या तीन पायऱ्या शक्य आहेत पण चौथी अशक्य आहे. चौथी पायरी खरोखरच महत्त्वाची असेल तर ती विक्रिया अडली पाहिजे. असा साक्षीदार आहे, त्याचे नाव एथिल आयसोब्युटिरेट. त्याचे सूत्र (CH3)2CHCOOC2H5. इथे अल्फा कार्बनावर दोन मिथिल गट आहेत आणि हायड्रोजन एकच. तो एक हायड्रोजन पहिल्या पायरीला पुरतो. पण दोन रेणू जोडले गेल्यावर त्या कार्बनावर दोन मिथिल, एक कीटोनचा कार्बन आणि एक एस्टरचा कार्बन असे चार सोबती होतात. दोन कार्बोनिलांच्या मधोमध काढण्यासारखा हायड्रोजन उरतच नाही. म्हणजे चौथी पायरी बंद. आणि खरोखरच, सोडियम एथॉक्साइड वापरून या एस्टरचे संघनन नेहमीच्या रीतीने होत नाही.

कुणी म्हणेल, दोन मिथिल गटांची गर्दी झाली म्हणून बंध जुळत नसेल. या शंकेचे उत्तर दोन बाजूंनी मिळते. एक म्हणजे १९३७ साली अमेरिकेत हाउझर आणि रेनफ्रो यांनी याच एस्टरवर सोडियम ट्रायफेनिलमेथिल हे एथॉक्साइडापेक्षा कितीतरी प्रबळ क्षारक वापरले आणि अपेक्षित कीटो एस्टर मिळवला. म्हणजे बंध जुळू शकतो. हे क्षारक इतके प्रबळ आहे की ते एस्टरचे जवळजवळ पूर्णच एनोलेट करून टाकते. पुढे ढकलणारा जोर शेवटच्या पायरीऐवजी पहिल्याच पायरीत लावला जातो. दुसरी बाजू अधिकच बोलकी आहे. असा तयार झालेला, मध्ये हायड्रोजन नसलेला कीटो एस्टर घेऊन त्याच्यावर सोडियम एथॉक्साइडाची क्रिया केली तर तो उलट फुटतो आणि पुन्हा साधा एस्टर होतो. रस्ता तोच आहे, उतार मात्र मागच्या दिशेला आहे.

यातून एक सोपा नियम मिळतो. नेहमीच्या क्लायझेन संघननासाठी अल्फा कार्बनावर निदान दोन हायड्रोजन हवेत. एक विक्रिया सुरू करायला आणि एक ती पुरी करायला. पुस्तकांत हा नियम कधी कधी दिलेला असतो, पण दुसरा हायड्रोजन कशाला हवा हे बाणावरचे समीकरण सांगत नाही, म्हणून तो एक विनाकारण अट वाटतो.

ही गोष्ट लपून राहण्याला थोडा इतिहासही कारणीभूत आहे. जर्मन रसायनशास्त्रज्ञ गॉयथर यांनी १८६३ साली एथिल ॲसिटेटवर सोडियम धातूची क्रिया करून हा पदार्थ मिळवला होता. त्यामुळे सोडियम धातूच इथले काम करतो असे वाटत होते. लुडविग क्लायझेन यांनी १८८७ साली एस्टरांच्या संघननावरचे आपले काम प्रसिद्ध केले आणि सोडियम एथॉक्साइडाकडे लक्ष वेधले. सोडियम धातू वापरला तरी प्रत्यक्ष काम एथॉक्साइडच करते. एस्टरमध्ये थोडेसे अल्कोहोल असतेच. सोडियम त्याच्याशी विक्रिया करतो, हायड्रोजन वायू निघतो आणि एथॉक्साइड तयार होते. म्हणूनच फार काळजीपूर्वक अल्कोहोलमुक्त केलेल्या एस्टरवर सोडियमची क्रिया मंदपणे सुरू होते, आणि प्रयोगाच्या कृतीत एस्टरमध्ये थोडे अल्कोहोल राहू द्या असे सांगितलेले असते. एकदा सुरुवात झाली की विक्रियेतून निघणारे अल्कोहोल पुढचे एथॉक्साइड पुरवते. तेव्हा सोडियमचा तुकडा पात्रात हळूहळू नाहीसा होताना पाहून विद्यार्थ्याने ‘हा झिजतो आहे, मग उत्प्रेरक कसला?’ असे विचारले, तर तो प्रश्न योग्यच आहे.

आता या विक्रियेच्या दुसऱ्या रूपाकडे वळू. आतापर्यंत एनोलेट एका रेणूत होते आणि कार्बोनिल दुसऱ्यात. दोन्ही एकाच लांब रेणूच्या दोन टोकांना असतील तर? रेणूची शेपटी त्याच्याच तोंडात जाईल आणि कडे तयार होईल. वाल्टर डीकमान यांनी १८९४ साली ही रीत प्रसिद्ध केली, म्हणून तिला डीकमान संघनन म्हणतात. तिचे नेहमीचे उदाहरण डायएथिल ॲडिपेट हे आहे. ॲडिपिक अम्ल म्हणजे नायलॉन बनवताना वापरतात तेच. त्याच्यात सरळ साखळीत सहा कार्बन असतात आणि दोन्ही टोकांना अम्लगट असतात. या दोन्ही गटांचे एथिल एस्टर केले की डायएथिल ॲडिपेट होते.

साखळीतल्या कार्बनांना १ ते ६ असे अंक द्या. १ आणि ६ हे एस्टरांचे कार्बोनिल कार्बन. २ आणि ५ हे अल्फा कार्बन. समजा ५ क्रमांकावरचा प्रोटॉन निघाला, तर ५ चा कार्बन वळून १ वर जाऊन बसतो. १, २, ३, ४, ५ यांचे पाच कार्बनांचे कडे बनते. १ चा कीटोन होतो आणि ६ क्रमांकाचा एस्टर गट कड्याबाहेर ५ वर लोंबत राहतो. कड्यात येणारे कार्बन साखळीतल्या कार्बनांपेक्षा एकाने कमी, एवढे लक्षात ठेवले की पुरे. डायएथिल ॲडिपेट १ मोल म्हणजे २०२ ग्रॅम घेतले तर हिशेबाने १५६ ग्रॅम कड्याचा कीटो एस्टर आणि ४६ ग्रॅम एथिल अल्कोहोल मिळावे. टोल्युइनमध्ये सोडियम घेऊन केलेल्या नेहमीच्या कृतीत या हिशेबाच्या सुमारे तीन चतुर्थांश किंवा थोडे अधिक हाती येते. सेंद्रिय कृतींत हे उत्पादन चांगलेच म्हणायचे.

सात कार्बनांच्या डायएथिल पिमेलेटपासून याच रीतीने सहा कार्बनांचे कडे मिळते. पाच आणि सहा कार्बनांच्या कड्यांत कोन फार वाकवावे लागत नाहीत आणि दोन टोकांची गाठही लवकर पडते. पण पाच कार्बनांच्या ग्लुटारेटपासून चार कार्बनांचे कडे या रीतीने मिळत नाही, कारण ते फार ताणलेले असते आणि उघडण्याचीच त्याला घाई असते. चार कार्बनांच्या डायएथिल सक्सिनेटला तर तीन कार्बनांचे कडे करावे लागेल. ते तसे न करता एक वेगळीच वाट काढते. त्याचे दोन रेणू आधी एकमेकांना जोडले जातात आणि मग दोघांचे मिळून सहा कार्बनांचे कडे होते. दुसऱ्या बाजूला साखळी फार लांब झाली, तर दोन टोकांची भेट होण्याआधीच शेजारच्या रेणूचे टोक गाठ घालते. म्हणून सातच्या पुढे उत्पादन झपाट्याने घसरते.

पण या लेखाचा मुद्दा कड्याच्या आकाराचा नाही. डीकमान संघननातही चौथी पायरीच निकाल देते, हे मला दाखवायचे आहे, आणि त्यासाठी एक सुंदर उदाहरण आहे. डायएथिल ॲडिपेटच्या २ क्रमांकाच्या कार्बनावर एक मिथिल गट बसवा. आता दोन टोके सारखी राहिली नाहीत. कडे दोन प्रकारे होऊ शकते. ५ चा कार्बन १ वर गेला तर मिथिल गट कीटोनच्या एका बाजूला येतो, आणि दुसऱ्या बाजूच्या ५ क्रमांकाच्या कार्बनावर एस्टर गटाबरोबर एक हायड्रोजन शिल्लक राहतो. याला पहिले कडे म्हणू. उलट २ चा कार्बन ६ वर गेला तर त्याच एका कार्बनावर मिथिल गट आणि एस्टर गट दोन्ही येतात आणि हायड्रोजन उरत नाही. हे दुसरे कडे. तुम्हीच सांगा, कोणते मिळेल? पहिलेच मिळते. दुसऱ्याला चौथी पायरी नाही, ते तयार झाले तरी परत उघडेल.

‘तयार झाले तरी परत उघडेल’ हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. दुसरे कडे वेगळ्या मार्गाने बनवता येते. मिथिल नसलेले साधे कडे घ्यायचे, त्याचे सोडियम लवण करायचे आणि त्याच्यावर मिथिल आयोडाइडाची क्रिया करायची. मिथिल गट नेमका एस्टरच्या कार्बनावर जाऊन बसतो. आता हे दुसरे कडे सोडियम एथॉक्साइडाबरोबर अल्कोहोलमध्ये तापवले, की एथॉक्साइड त्याच्या कीटोनवर हल्ला करते, कडे उघडते, मिथिल गट असलेले ॲडिपेट पुन्हा तयार होते आणि मग ते दुसऱ्या टोकाने मिटून पहिले कडे होते. रसायनशास्त्रज्ञ या युक्तीचा उपयोग मुद्दाम करतात. पदार्थ फुटला, फिरला आणि पुन्हा जुळला, आणि हे सारे एका सैल हायड्रोजनाच्या शोधात. ज्याच्या डोक्यात बाणावरचे समीकरण आहे त्याला हे चमत्कारासारखे वाटेल. ज्याला चौथी पायरी ठाऊक आहे त्याला यात अपेक्षेबाहेरचे काही नाही.

हा सैल हायड्रोजन डोळ्यांनी ओळखण्याचीही सोय आहे. बीटा-कीटो एस्टरच्या रेणूंपैकी काही रेणूंत हा हायड्रोजन कीटोनच्या ऑक्सिजनावर जाऊन बसलेला असतो. या रूपाला एनोल म्हणतात. अल्कोहोलमध्ये पदार्थाचे दोन थेंब घालून फेरिक क्लोराइडाच्या विरळ द्रावणाचा एक थेंब टाकला की एनोलामुळे जांभळट लाल रंग उमटतो. एथिल ॲसिटेटमध्ये हा रंग येत नाही, एथिल ॲसिटोॲसिटेटमध्ये येतो. तसेच दुसऱ्या कड्याला रंग येत नाही आणि त्यापासून झालेल्या पहिल्या कड्याला येतो. विक्रिया झाली की नाही हे पाहण्याची ही सर्वांत स्वस्त कसोटी आहे.

प्रयोग बिघडतो तेव्हा बहुधा दोन कारणे असतात, आणि दोन्हींचा संबंध एथॉक्साइडाच्या हिशेबाशीच आहे. पहिले कारण पाणी. अल्कोहोल किंवा एस्टर नीट कोरडे केलेले नसेल तर एथॉक्साइड आणि पाणी मिळून सोडियम हायड्रॉक्साइड होते, आणि ते एस्टरला फोडून त्याचे सोडियम ॲसिटेट करून टाकते. तेवढे क्षारक कायमचे वाया जाते, आणि ते मोजून घेतलेले असल्याने उत्पादन तितकेच घटते. पाणी पुष्कळ असले तर पात्रात पांढरे लवण दिसते, पण अम्ल घातल्यावर फेरिक क्लोराइडाचा रंग मात्र उमटत नाही. दुसरे कारण चुकीचे अल्कॉक्साइड. एथिल एस्टरबरोबर सोडियम मेथॉक्साइड वापरले तर ते एस्टरच्या एथॉक्साइड गटाची जागा घेते आणि मिथिल-एथिल एस्टरांची सरमिसळ होते. एथिल एस्टरबरोबर एथॉक्साइडच वापरले की अशी अदलाबदल झाली तरी काही बिघडत नाही, कारण गेला तो एथॉक्साइड आणि आला तोही एथॉक्साइड. अर्थात, सोडियम धातू पाण्याशी पेट घेतो आणि हे द्रव ज्वालाग्राही आहेत. ही कृती घरी किंवा शिक्षकांच्या गैरहजेरीत करण्याची नाही. फेरिक क्लोराइडाची कसोटी मात्र शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांसमोर विकतच्या एथिल ॲसिटोॲसिटेटवर करून पाहता येईल.

आता शिक्षकांच्या एका आक्षेपाला उत्तर द्यायला हवे. ते म्हणतील, विद्यार्थ्याला आधीच समीकरणे कमी नाहीत, त्यात एका विक्रियेसाठी दोन ओळी कशाला? शिवाय शेवटी बाटलीत जो पदार्थ मिळतो तो तर एकाच ओळीत आला. हा आक्षेप मी हलका मानत नाही. एकूण फलित सांगायचे तर एक ओळ सोयीची आहे. पण मग अल्डॉल संघनन आणि क्लायझेन संघनन यांत विद्यार्थ्याने भेद कसा करावा? अल्डॉल संघननात दोन अल्डिहाइड रेणू क्षारकाच्या साह्याने जोडले जातात, आणि तिथे क्षारक खरोखरच उत्प्रेरक असते, थोडेसे पुरते. दोन्ही ठिकाणी क्षारक बाणावरच लिहिले, तर हा फरक कागदावर पुसला जातो. आज पाठांतरासाठी दिले जाणारे तीन नियम पाहा. क्षारक पूर्ण प्रमाणात घ्यावे, अल्फा कार्बनावर दोन हायड्रोजन असावेत, शेवटी अम्ल घालावे. दुसरी ओळ लिहिली की हे तीनही नियम तिच्यातूनच निघतात आणि पाठ करायला काही उरत नाही. मला तर यात ओझे कमी झालेले दिसते.

एवढी काळजी या एका विक्रियेची का, तर बीटा-कीटो एस्टरपासून पुढे पुष्कळ काही बनते. लुडविग क्नोर यांनी १८८३ साली एथिल ॲसिटोॲसिटेट आणि फेनिलहायड्राझिन यांच्यापासून सुरुवात करून अँटिपायरिन हे तापावरचे औषध मिळवले. मघाच्या पाच कार्बनांच्या कड्यातला एस्टर गट पाण्याने फोडून तापवला तर कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे सायक्लोपेंटॅनोन राहतो. त्याआधी लवणावर हवा तो गट बसवता येतो, आणि तो बसवायला वापरायचा तोच सैल हायड्रोजन, ज्याने विक्रिया पुरी केली.

शेवटी एक उदाहरण तुमच्यासाठी ठेवतो. डायएथिल ॲडिपेटच्या २ आणि ५ या दोन्ही कार्बनांवर एकेक मिथिल गट आहे असे समजा. साखळी सहा कार्बनांची आहे, म्हणजे पाच कार्बनांचे सुबक कडे व्हायला हवे. सोडियम एथॉक्साइड घेऊन ते नेहमीच्या रीतीने बनवता येईल का? कागदावर दोन्ही टोकांनी कडे मिटवून पाहा, आणि दर वेळी दोन कार्बोनिलांच्या मधल्या कार्बनावर काय उरते ते मोजा. उत्तर लिहिताना समीकरण मात्र दोन ओळींत लिहा.